दहाव्या वर्षी दुखणारी टाच

टाचेचे हाड हे पावलातले सर्वांत मोठे हाड. जन्माच्या वेळी त्याचा मुख्य भाग हाडाचा झालेला असतो, पण मागची कड, म्हणजे जिथे बुटाची मागची बाजू टेकते तो भाग, अजून कूर्चेचाच असतो. मुलगी साधारण सहा वर्षांची आणि मुलगा सात-आठ वर्षांचा झाला की या कूर्चेत हाडाचा एक वेगळा, कोरीच्या आकाराचा तुकडा तयार होऊ लागतो. हा तुकडा आणि मूळ हाड यांच्यामध्ये कूर्चेची एक पातळ पट्टी उरते. तिला वाढपट्टी म्हणतात. पौगंडावस्थेत, मुलींमध्ये थोडी आधी आणि मुलांमध्ये साधारण पंधराव्या वर्षाच्या आसपास, ही पट्टी हाडाने भरून येते आणि टाचेचे हाड एकसंध होते. मधल्या सहा-सात वर्षांत मात्र ती टाचेतली सर्वांत नाजूक जागा असते. धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या मुलांमध्ये या पट्टीवर सतत ताण आणि दाब येऊन ती दुखू लागते. बॉस्टनचे अस्थिरोगतज्ज्ञ जेम्स वॉरन सेव्हर यांनी १९१२ मध्ये या दुखण्याचे वर्णन केले, म्हणून डॉक्टर आजही त्याला ‘सेव्हर्स’ म्हणतात. आठ ते चौदा वर्षांच्या खेळकर मुलांची टाच दुखण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे.

ही पट्टी कशी दुखावते हे समजायला टाचेवर कोणकोणत्या दिशांनी जोर येतो ते पाहावे लागते. पोटरीचे दोन मोठे स्नायू खाली येऊन एका जाड टेंडनमध्ये मिळतात. हे अ‍ॅकिलिस टेंडन टाचेच्या मागच्या कोरीवर, म्हणजे नेमके वाढपट्टीच्या पलीकडच्या तुकड्यावर चिकटलेले असते. धावताना प्रत्येक पावलागणिक पोटरी आकसते आणि हा तुकडा वर ओढला जातो. त्याच भागाच्या खालच्या बाजूने तळव्याचा जाड पडदा निघून बोटांकडे जातो आणि तो पुढे ओढत असतो. याशिवाय उडीनंतर टाच जमिनीवर आदळते तेव्हा खालून थेट दाब येतो. वर ओढ, पुढे ओढ आणि खालून दणका हे तिन्ही जोर एकाच पातळ पट्टीपाशी एकत्र येतात. एमआरआय केलेल्या काही मुलांमध्ये पट्टीलगतच्या हाडाच्या आतही सूज दिसते. म्हणजे हे दुखणे नुसत्या ओढीचे नाही, दणक्याचेही आहे. उपचारांच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची ठरते, कारण मग केवळ पोटरी ताणण्याचे व्यायाम करून भागत नाही, दणकेही मोजावे लागतात.

दहाव्या वर्षाच्या आगेमागेच हे का होते, याचे एक उत्तर वाढीत आहे. या वयात पायांची हाडे भराभर लांब होतात आणि स्नायू थोडे मागे राहतात, त्यामुळे पोटरी ताठ होते आणि टाचेवरची ओढ वाढते. पण टाच दुखणाऱ्या प्रत्येक मुलाची पोटरी ताठ सापडत नाही. दुसरे उत्तर अधिक भरवशाचे आहे आणि ते खेळाच्या हिशेबात आहे. या वयात मुले पहिल्यांदाच नुसते खेळण्याकडून सरावाकडे वळतात. अंगणात खेळणारे मूल दमले की बसते, पाणी प्यायला जाते, खेळ बदलते. सरावात तसे नसते. तिथे शिट्टी वाजेपर्यंत एकच हालचाल पुन्हापुन्हा करायची असते. महाराष्ट्रात या बदलाला वर्षाचे वेळापत्रकही हातभार लावते. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षेमुळे खेळ जवळजवळ बंद पडतो आणि परीक्षा संपल्या की लगेच उन्हाळी शिबिर सुरू होते. महिनाभर बसलेले मूल एका सोमवारपासून रोज दोन तास धावू लागते, तेही उन्हाने टणक झालेल्या मैदानावर. टाचेतल्या पट्टीला वाढता ताण सोसायची सवय होऊ शकते, पण त्याला आठवडे लागतात आणि शिबिर तेवढा वेळ देत नाही.

पादत्राणांचाही यात भाग आहे. चांगल्या धावण्याच्या बुटात टाचेखालचा भाग पंजाखालच्या भागापेक्षा काहीसा उंच असतो. टाच तेवढी उचलली गेली की पोटरीची ओढ सैल पडते. फुटबॉलच्या स्टडच्या बुटात ही उंची नसते, तळही पातळ असतो आणि कोरड्या कडक मैदानावर स्टड जमिनीत न रुतता वर टोचतात. कबड्डी, तायक्वांदो, भरतनाट्यम या गोष्टी तर सहसा अनवाणीच केल्या जातात. फरशीवर तासभर पाय आपटत नाचणाऱ्या मुलीची टाच फुटबॉल खेळणाऱ्या मुलाइतकीच दुखू शकते. ती ‘खेळाडू’ नाही म्हणून तिच्या दुखण्याकडे या दृष्टीने पाहिले जात नाही, एवढेच.

हे दुखणे ओळखणे बहुतेक वेळा सोपे असते. दुखण्याची जागा टाचेच्या मागे आणि खालच्या कडेला असते. खेळताना किंवा खेळून आल्यावर दुखते, बसून राहिले की थांबते, दुसऱ्या दिवशी खेळ सुरू झाला की पुन्हा डोके वर काढते. काही मुले सकाळी उठल्यावर पहिली काही पावले लंगडतात. काही जण टाच टेकवायची टाळून चवड्यांवर चालतात आणि घरच्यांना ती सवय वाटते. टाचेवर लाली नसते, सूज सहसा दिसत नाही. निम्म्याहून अधिक मुलांमध्ये दोन्ही टाचा दुखतात, त्यांतली एक जास्त. तपासणी घरीही करून पाहता येते. मुलाला पालथे झोपवावे, टाच दोन्ही बाजूंनी तळहातांमध्ये धरावी आणि मागच्या भागावर हळूहळू दाब वाढवावा. याच दाबाने ओळखीची कळ आली तर वाढपट्टीकडे बोट दाखवता येते. तळव्याचा मध्य, घोटा आणि अ‍ॅकिलिस टेंडनचा वरचा भागही तसाच दाबून पाहावा. तिथे दुखत नसेल तर खात्री वाढते. डॉक्टरही मुख्यतः याच तपासणीवर आणि मुलाने सांगितलेल्या हकिकतीवर निदान करतात.

एक्स-रे काढावा की नाही याबद्दल पालकांच्या मनात बराच गोंधळ असतो. नेहमीच्या दुखण्यात त्याची गरज नसते. या वयात टाचेच्या मागचा तो तुकडा निरोगी मुलातही एक्स-रेवर आजूबाजूच्या हाडापेक्षा पांढरा आणि दोन-तीन भागांत तुटल्यासारखा दिसतो. हाडाची वाढ अशीच होत असते. हे माहीत नसले की अहवालातल्या ‘तुकडे’ या शब्दाने घर हादरते आणि न मोडलेल्या हाडाला प्लास्टर घालण्याची वेळ येते. एक्स-रेचा उपयोग दुसरे काही नाही ना, हे पाहण्यासाठी होतो. एकाच टाचेचे दुखणे आणि तेही नेहमीपेक्षा वेगळे असेल, पडल्यानंतर सुरू झाले असेल किंवा खेळ कमी करूनही काही आठवड्यांत उतार पडला नसेल, तर तो जरूर काढावा.

दुसरे काही असण्याच्या खुणा मात्र पालकांना ठाऊक हव्यात. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, विश्रांतीतही न थांबणारे दुखणे, ताप, टाचेवर गरम लालसर सूज, वजन घटणे, चेहऱ्यावर फिकेपणा, सकाळी बराच वेळ सांधे आखडलेले असणे किंवा पाय टेकवताच न येणे, यांपैकी काहीही असेल तर ते सेव्हर्सचे लक्षण नव्हे. हाडातला जंतुसंसर्ग, ताणाने हाडाला गेलेली तडा, लहान मुलांचा संधिवात आणि क्वचित हाडाची गाठ किंवा रक्ताचा कर्करोगही टाचेच्या दुखण्याने सुरू होऊ शकतो. अनवाणी खेळणाऱ्या मुलाच्या टाचेत आठ-पंधरा दिवसांपूर्वी काटा किंवा खिळा घुसला होता का, हे आठवून पाहावे, कारण तिथून हाडापर्यंत संसर्ग पोचतो. आपल्याकडे हाडाचा क्षयरोगही विसरून चालत नाही. महिनोन्महिने एकाच टाचेवर थोडी सूज आणि सतत लंगडणे असे त्याचे रूप असू शकते. अशा खुणा असताना ‘खेळून दुखत असेल’ म्हणून थांबू नये, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जावे.

उलट बाजूने, लहान मुलांच्या पायदुखीला सरसकट ‘वाढीचे दुखणे’ म्हणून सोडून देण्याचीही सवय असते. ते दुखणे वेगळे. ते संध्याकाळी किंवा रात्री दोन्ही पोटऱ्यांत, नडगीत किंवा मांड्यांत होते, चोळल्याने बरे वाटते आणि सकाळी मूल उड्या मारत शाळेत जाते. त्यात लंगडणे नसते आणि बोट ठेवून दाखवता येईल अशी एक जागा नसते. सेव्हर्समध्ये या दोन्ही गोष्टी असतात.

आणखी एक भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. वाढपट्टी दुखावली म्हणजे मुलाची उंची खुंटेल, असे वाटते. उंची वाढवणाऱ्या पट्ट्या मांडीच्या, नडगीच्या आणि मणक्यांच्या हाडांना असतात. टाचेची मागची पट्टी टेंडन चिकटण्याची जागा घडवते, उंचीशी तिचा संबंध नसतो. सेव्हर्समुळे टाचेला पुढे कायमचे व्यंग येत नाही. म्हणूनच या दुखण्यात घाबरून सगळे बंद करण्याची गरज नाही आणि दुखत असताना दात-ओठ खाऊन खेळत राहण्यातही काही शौर्य नाही.

उपचारांबद्दल आता चांगला पुरावा हाती आहे. नेदरलंड्समधल्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका चाचणीत टाच दुखणाऱ्या मुलांचे तीन गट केले होते. एका गटाने केवळ वाट पाहिली, दुसऱ्याने बुटात टाच उचलणारी गादी घातली, तिसऱ्याने फिजिओथेरपिस्टकडून पोटरीचे व्यायाम करून घेतले. गादी घालणाऱ्यांना सुरुवातीला अधिक समाधान वाटले, पण तीन महिन्यांनी तिन्ही गटांतली मुले सुधारली होती आणि त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता. ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीतही पहिल्या एक-दोन महिन्यांत टाचेखालच्या गादीने आराम जास्त दिला आणि वर्षअखेर सगळे सारखे झाले. यातून निघणारा अर्थ पालकांच्या खिशाच्या बाजूचा आहे. महागडे, मापाचे इनसोल किंवा मशीनच्या शेकांची लांबलचक मालिका यांनी हे दुखणे वेगळ्या वेगाने बरे होत नाही. साधे उपाय मधले आठवडे सुसह्य करतात आणि बाकीचे काम वेळ व खेळाचा हिशेब करतात.

त्या साध्या उपायांत पहिला क्रमांक टाचेखालच्या गादीचा. सहा ते दहा मिलिमीटर जाडीची, फार मऊ नसलेली गादी औषधांच्या दुकानात मिळते. दुखणे एकाच टाचेत असले तरी ती दोन्ही बुटांत घालावी, नाहीतर एक पाय उंच पडून कंबर तिरकी होते. शाळेचे बूट आणि खेळाचे बूट या दोन्हींत ती हवी, आणि फरशीवर घरातही काही आठवडे मऊ चप्पल हवी. खेळानंतर कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटे लावल्याने कळ कमी होते. पोटरीचा ताण भिंतीशी उभे राहून द्यावा. दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, आणि पोटरीत ओढ जाणवेपर्यंत पुढे झुकावे. तीस सेकंद थांबावे, प्रत्येक पायाला तीनदा, दिवसातून दोन वेळा. नंतर तेच गुडघा थोडा वाकवून करावे, म्हणजे पोटरीचा आतला स्नायूही ताणला जातो. ओढ पोटरीत जाणवली पाहिजे. ती टाचेत टोचू लागली तर व्यायाम काही दिवस पुढे ढकलावा.

काय करू नये हेही तितकेच स्पष्ट आहे. दुखऱ्या टाचेला जोरजोरात चोळून घेऊ नये. टाचेत स्टेरॉइडचे इंजेक्शन घेऊ नये. कॅल्शियमची कमतरता तपासणीत आढळली नसेल तर कॅल्शियमच्या बाटल्यांनी टाच थांबत नाही. वेदनाशामक औषध फार दुखत असेल तर डॉक्टरांनी वजनानुसार सांगितलेल्या मात्रेत एक-दोन दिवस देता येते, पण सामना खेळता यावा म्हणून सामन्याआधी ते देणे ही मोठी चूक आहे, कारण थांबण्याची सूचना देणारी एकमेव खूण त्याने पुसली जाते. प्लास्टर फारच थोड्या मुलांना, दोन-तीन आठवड्यांपुरते लागते.

खेळ किती चालू ठेवायचा, हा यातला खरा अवघड प्रश्न आहे आणि तो उदाहरणावरून नीट उलगडतो. समजा, पाचवीत जाणारा दहा वर्षांचा एक मुलगा आहे. मार्चमध्ये त्याचे खेळणे आठवड्याला चार तासांवर आले होते. परीक्षा संपल्यावर तो फुटबॉलच्या शिबिराला जाऊ लागला. सोमवार ते शनिवार, सकाळी दोन तास. याचे बारा तास झाले. शिवाय संध्याकाळी सोसायटीच्या काँक्रीटच्या पार्किंगमध्ये पाच दिवस तासभर क्रिकेट. म्हणजे आठवड्याचे सतरा तास. घरच्यांच्या दृष्टीने तो ‘शिबिराला जातो’, प्रशिक्षकाच्या दृष्टीने तो ‘दोनच तास खेळतो’. चार तासांचे सतरा झाले आहेत हे कोणीच एकत्र मोजलेले नाही, आणि या सगळ्या दुखण्याचे मूळ तिथे आहे. तिसऱ्या आठवड्यात तो मैदानावरून लंगडत परत येऊ लागतो. दोन्ही टाचा दाबल्यावर दुखतात, उजवी जास्त. ताप नाही, सूज नाही, रात्री शांत झोपतो.

तो लंगडतो आहे, म्हणून पहिले दोन आठवडे धावणे आणि उड्या पूर्ण बंद. इथे ‘बेड रेस्ट’ नको. त्याने रोज अर्धा-पाऊण तास पोहावे किंवा सायकल चालवावी, कारण त्यात दम वाढतो पण टाचेवर दणका बसत नाही. शिबिराला जाऊन उभ्या-उभ्या पासिंगचा सराव केला तरी चालेल, मित्रांपासून तुटल्यासारखेही वाटणार नाही. काँक्रीटवरचे क्रिकेट थांबवावे. शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे असह्य, अशा मापाने तो रोज सकाळी दुखणे किती ते सांगतो. सुरुवातीला सहा असलेला आकडा दोन आठवड्यांत दोनवर आला आणि टाच दाबल्यावर जेमतेम दुखली, की पुढची पायरी.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस आड, आठवड्याला तीनदा, अर्धा तास. गवतावर, गादी घातलेल्या धावण्याच्या बुटांत, चेंडू घेऊन हलके पळणे. स्प्रिंट नाहीत, उड्या नाहीत. चौथ्या आठवड्यात तेच तीन दिवस पाऊण तासाचे. पाचव्या आठवड्यात वेळ तेवढाच, आणि त्यात आता काही छोट्या स्प्रिंट. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, एकतर वेळ किंवा जोर. दोन्ही एकदम वाढवले तर बिघडले कशाने ते कळत नाही. पाचव्या आठवड्यात नेमके हेच होते. संघात एक जण कमी पडतो, मुलगा पूर्ण सामना खेळतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लंगडतो. अशा वेळी सगळे पुन्हा शून्यावर आणू नये. चौथ्या आठवड्याच्या मापावर जाऊन तिथे आठ दिवस काढावेत आणि पुन्हा चढावे. असे करत नवव्या-दहाव्या आठवड्याला तो दीड-दीड तासाचे तीन सराव, तासाभराचा एक सामना आणि दोन तासांचा मोकळा खेळ इथवर पोचतो. हे साडेसात तास झाले. सतरा तासांवर परत जायचे नाही.

प्रत्येक पायरीवर निर्णय घ्यायला तीन प्रश्न पुरतात. खेळताना दुखणे किती होते? दोनपर्यंत असेल तर चालेल, तीन-चार असेल तर वाढ थांबवून आहे तिथेच राहावे, पाचला पोचले तर त्या दिवसाचा खेळ संपला. चालण्या-धावण्याची ढब बदलली का? लंगडणे दिसले की आकडा काहीही असो, बाहेर यायचे. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा: दुसऱ्या दिवशी सकाळी टाच कशी आहे? खेळताना अंग गरम असते, उत्साह असतो, संघात राहायचे असते, म्हणून मुलाने मैदानावर सांगितलेला आकडा कमी असू शकतो. सकाळची पहिली दहा पावले खोटे बोलत नाहीत. कालच्या सकाळइतकीच आजची सकाळ असेल तर कालचा खेळ योग्य मापाचा होता.

टाच दुखत नसलेल्या दहा वर्षांच्या मुलासाठीही एक वरची मर्यादा सांगितली जाते. अमेरिकेत तरुण खेळाडूंवर झालेल्या अभ्यासात असे आढळले की आठवड्याला आपल्या वयाच्या वर्षांपेक्षा जास्त तास शिस्तबद्ध सराव करणाऱ्या मुलांमध्ये अतिवापराच्या गंभीर दुखापती अधिक होत्या. त्यावरून दहा वर्षांच्या मुलाला आठवड्याला फार तर दहा तास, असा अंदाज वापरतात. त्याच्या जोडीला आठवड्यातून एक-दोन दिवस सरावाला पूर्ण सुट्टी आणि एकाच खेळाला वर्षभरात मिळून तीनेक महिने विश्रांती, तीही महिन्या-महिन्याने विभागून, असे अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना सुचवते. दुसरीकडे जागतिक आरोग्य संघटना मुलांना दिवसाला सरासरी तासभर हालचाल हवीच म्हणते. या दोन रेषांच्या मधली जागा पुरेशी मोठी आहे. दहा तास ही मर्यादा आहे, गाठायचे लक्ष्य नाही, आणि टाच एकदा दुखून गेलेल्या मुलासाठी सहा ते आठ तासांच्या दरम्यान राहणे शहाणपणाचे. त्यातही सगळे तास एकाच खेळाचे नसावेत. दोन दिवस फुटबॉल, एक दिवस पोहणे, एक दिवस सायकल असे असेल तर तेवढ्याच तासांत टाचेवरचे दणके निम्म्यावर येतात.

तासांपेक्षा दणके मोजणे अधिक खरे, ही गोष्ट प्रशिक्षकांपर्यंत पोचायला हवी. उशिरा आल्याबद्दल मैदानाच्या पाच फेऱ्या, चुकले म्हणून बेडूकउड्या, शरीर गरम करायला दोरीवरच्या दोनशे उड्या, हे सगळे सरावाच्या वेळेत धरले जात नाही, पण टाचेच्या हिशेबात सर्वांत महाग तेच असते. दुखण्यातून परतणाऱ्या मुलाच्या बाबतीत पालकांनी प्रशिक्षकांना सरळ सांगावे की त्याला चेंडूचा सराव द्या, उड्या देऊ नका. अनवाणी खेळांत आणि नृत्यात गादी घालता येत नाही. तिथे उपाय एकच उरतो, उड्या आणि पाय आपटणे काही आठवडे वगळून बाकीचा सराव करायचा. भरतनाट्यमच्या वर्गात मुलगी हस्तमुद्रा आणि अभिनय शिकू शकते, तायक्वांदोच्या वर्गात हातांच्या चाली करू शकते.

पूर्ण विश्रांतीचा मोह जितका समजण्यासारखा तितकाच फसवा आहे. तीन महिने मुलाला घरी बसवले की टाच थांबते, यात शंका नाही. पण तेवढ्या काळात पोटरीची ताकद जाते, वजन थोडे वाढते, पट्टीला ताणाची सवय राहत नाही आणि मूल परत मैदानावर उतरते ते पहिल्याच दिवशी पूर्ण सरावाला. पुढच्या पंधरा दिवसांत टाच पुन्हा दुखते आणि घरात निष्कर्ष निघतो की याला खेळच झेपत नाही. झेपला नाही तो खेळ नव्हे, मधली पायरी नसलेली उडी.

बहुतेक मुले काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत बरी होतात, तरी हे दुखणे एकदा गेले म्हणून कायमचे गेले असे समजू नये. उंची झपाट्याने वाढण्याचा काळ, नवीन स्टडचे बूट, सुट्टीनंतरचा पहिला आठवडा, स्पर्धेआधीचा जादा सराव, यांत ते परत येऊ शकते. तेव्हा घाबरून पुन्हा तपासण्या करण्यापेक्षा गादी परत घालावी, आठवड्याचे तास निम्मे करावेत आणि सकाळची पावले पाहावीत. महिन्याभरात त्याने उतार पडला नाही किंवा आधी सांगितलेल्या धोक्याच्या खुणांपैकी एखादी दिसली, तर डॉक्टरांकडे जावे. वाढपट्टी भरून आली की हे दुखणे संपते, आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत ती भरून आलेली असते.